भागायचं कशानं, सहानं की पाचानं?

प्रश्न: द्रावणाचा रंग बदलायला लागणारा वेळ सहा वेळा मोजला. १२, १५, ११, १४, १६, १० सेकंद आले. प्रमाण विचलन हाताने काढलं तर २.१६ येतं, कॅल्क्युलेटर २.३७ दाखवतो. एका पुस्तकात n ने भागलंय, दुसऱ्यात n − १ ने. मी कोणतं धरू, आणि हा एक वजा करायचा तरी का?

उत्तर:

तुमच्या आकडेमोडीत चूक नाही आणि कॅल्क्युलेटरमध्येही नाही. ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. तुम्ही जे मोजलंय त्यासाठी २.३७ धरा. असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी पुस्तक उघडायची गरज पडणार नाही. मी गेली बरीच वर्षं मोजमापांच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि नवीन येणाऱ्यांना हाच हिशोब पहिल्या आठवड्यात कागदावर करायला लावतो.

आधी हिशोब एकदा मांडून घेऊ, म्हणजे फाटा नेमका कुठे फुटतो ते दिसेल. सहा आकड्यांची बेरीज ७८, सरासरी १३. आता प्रत्येक आकड्यातून १३ वजा करा. ही झाली विचलनं: −१, २, −२, १, ३, −३. यांची बेरीज शून्य यायलाच हवी. ती आली नाही तर पुढे जाऊच नका, सरासरी चुकलीय किंवा वजाबाकी चुकलीय. मग प्रत्येकाचा वर्ग: १, ४, ४, १, ९, ९. वर्गांची बेरीज २८.

इथपर्यंत दोन्ही पुस्तकं एकाच रस्त्यानं चालतात. फरक पडतो तो या २८ ला भागताना. सहानं भागलं तर ४.६७, वर्गमूळ २.१६. पाचानं भागलं तर ५.६, वर्गमूळ २.३७. भागून जे येतं ते प्रचरण, म्हणजे ज्याला व्हेरिअन्स म्हणतात, आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन.

एक चूक इथेच सांगून ठेवतो, कारण ती मी दरवर्षी पाहतो. n − १ शिकल्यावर काही जण सरासरी काढतानाही पाचानंच भागतात. ७८ भागिले ५ म्हणजे १५.६, आणि मग सगळंच बिघडतं. सरासरीचा भाजक कायम n च असतो. वरची शून्याची तपासणी केलीत तर ही चूक ताबडतोब सापडते, कारण १५.६ धरून विचलनांची बेरीज −१५.६ येते.

आता मुख्य मुद्दा. भाजक ठरवण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: मी जो आकडा सांगणार आहे तो कोणाबद्दल आहे? समजा एका वर्गात सहाच विद्यार्थी आहेत, त्यांचे एका चाचणीतले गुण १२, १५, ११, १४, १६, १० आहेत, आणि तुम्हाला एवढंच सांगायचंय की या सहा जणांचे गुण एकमेकांपासून किती पांगलेले आहेत. इथे जे आहे ते सगळं हातात आहे. बाहेर कोणी उरलेलं नाही, कशाचाही अंदाज करायचा नाही. हे सहा जण हीच समष्टी. भागा सहानं, उत्तर २.१६.

तुमचं तसं नाही. तुम्हाला त्या सहा वेळांशी काही देणंघेणं नाही. ती प्रक्रिया सातव्यांदा, आठव्यांदा, शंभराव्यांदा केली तर वेळ किती मागेपुढे होईल, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. म्हणजे हातातले सहा आकडे हा नमुना, आणि समष्टी म्हणजे त्याच परिस्थितीत येऊ शकणारी सगळी रीडिंग्ज, जी कोणीच कधी पूर्ण घेणार नाही. मोजमापाच्या कामात जवळजवळ नेहमी हीच अवस्था असते, म्हणून आमच्याकडे n − १ हाच रोजचा भाजक. लक्षात घ्या, आकडे दोन्हीकडे तेच आहेत. आकड्यांकडे टक लावून पाहिलं तरी भाजक कळत नाही, कारण तो तुम्ही करत असलेल्या विधानावर ठरतो. त्या सहा विद्यार्थ्यांच्या गुणांवरून उद्या कोणी म्हणालं की अशा चाचणीत साधारण एवढा फरक पडतो, तर त्याच क्षणी ते सहा जण नमुना झाले आणि भाजक पाच झाला.

आता एक का वजा करायचा. बहुतेक ठिकाणी इथे ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ हे शब्द टाकून विषय मिटवतात. त्या शब्दांकडे मी येतोच, पण आधी तुमच्याच आकड्यांत काय घडतंय ते पाहा.

आपल्याला खरं तर विचलनं मोजायची होती ती प्रक्रियेच्या खऱ्या सरासरीपासून. ती आपल्याला माहीत नाही, म्हणून आपण नमुन्याचीच सरासरी वापरली. पण ही १३ आली कुठून? याच सहा आकड्यांतून. ती त्यांच्या मधोमध बसवलेली आहे, त्यांच्या सोयीची आहे. १३ ऐवजी दुसरा कोणताही आकडा घेऊन वर्गांची बेरीज करून बघा. १४ घेतला तर विचलनं −२, १, −३, ०, २, −४, आणि वर्गांची बेरीज ४ + १ + ९ + ० + ४ + १६ म्हणजे ३४. १२ घेतला तरी ३४. १३.५ घेतला तर २९.५. १५ घेतला तर ५२. कुठेही जा, २८ पेक्षा कमी येणार नाही. नमुन्याच्या सरासरीभोवती वर्गांची बेरीज सगळ्यात लहान असते, हा तिचा गुणधर्मच आहे.

याचा अर्थ असा, की खरी सरासरी नेमकी १३ असण्याचा योग सोडला, तर तिच्याभोवतीची बेरीज २८ हून मोठीच असणार. आपण वापरलेले २८ हे खऱ्या पांगापांगीपेक्षा नेहमी थोडे कमी भरतात, जास्त कधीच नाही. चूक दोन्ही बाजूंना पडली असती तर अनेक प्रयोगांत ती आपोआप मिटली असती. ही एकाच बाजूला पडते, म्हणून ती दुरुस्त करावी लागते.

किती दुरुस्त करायची, हेही याच आकड्यांतून निघतं. १४ भोवतीची बेरीज ३४, १३ भोवतीची २८, फरक ६. आकडे सहा, आणि १३ पासून १४ चं अंतर १. सहा गुणिले एकाचा वर्ग, बरोबर ६. १५ साठी बघा: अंतर २, वर्ग ४, सहा गुणिले चार २४, आणि २८ + २४ = ५२. हे प्रत्येक वेळी जुळतं:

```
Σ(x − μ)² = Σ(x − x̄)² + n(x̄ − μ)²
```

यात μ ही खरी सरासरी आणि x̄ ही नमुन्याची. शेवटचं पद म्हणजे आपण गमावलेला भाग. एकाच नमुन्यात तो किती आहे हे कळायला मार्ग नाही, कारण μ माहीत नाही. पण सरासरीनं किती असतो ते कळतं. एकेका रीडिंगचं प्रचरण σ² असेल, तर n स्वतंत्र रीडिंग्जची सरासरी कमी हलते, तिचं प्रचरण σ²/n. म्हणजे (x̄ − μ)² चं सरासरी मूल्य σ²/n, आणि त्याला n नं गुणलं की उरतो फक्त σ². नमुना सहाचा असो की साठाचा, गमावलेला भाग सरासरीनं बरोबर एका σ² एवढा. डाव्या बाजूला n गुणिले σ² होते, त्यातला एक गेला, उरले n − १. म्हणून २८ मध्ये सरासरीनं सहा नव्हे, पाच σ² भरलेले आहेत, आणि एक σ² काढायचा तर पाचानंच भागलं पाहिजे.

बीजगणितावर विश्वास बसत नसेल तर मी शिकवताना वापरतो ती तीन चिठ्ठ्यांची पद्धत करून बघा, पंधरा मिनिटं लागतात. तीन चिठ्ठ्यांवर २, ४, ६ लिहा. ही आपली पूर्ण समष्टी. सरासरी ४, विचलनं −२, ०, २, वर्गांची बेरीज ८, आणि समष्टी असल्यामुळे तीनानं भागून प्रचरण २.६७. हे खरं उत्तर, आपल्याला माहीत असलेलं. आता एक चिठ्ठी काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका आणि पुन्हा एक काढा. दोन-दोनचे नमुने एकूण नऊच होऊ शकतात.

त्यातल्या (२,२), (४,४), (६,६) या तिघांत विचलनच नाही, वर्गांची बेरीज ०. (२,४), (४,२), (४,६), (६,४) या चौघांत सरासरीपासून दोन्ही आकडे एकेकानं दूर, म्हणून बेरीज २. (२,६) आणि (६,२) यांत ते दोन-दोननं दूर, म्हणून बेरीज ८. सगळ्या नऊंची मिळून बेरीज ० + ८ + १६ = २४, सरासरी २४ भागिले ९ म्हणजे २.६७. इथे n = २, तेव्हा n − १ म्हणजे १. एकानं भागलं तर सरासरीनं २.६७ येतं, खऱ्या उत्तराला जाऊन भिडतं. दोनानं भागलं तर १.३३, बरोबर निम्मं. हे नऊ नमुने मी पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा n − १ बद्दलचा माझा संशय कायमचा गेला. तोवर मीही तो नियम म्हणूनच पाळत होतो.

या दुरुस्तीला बेसेलचं नाव चिकटलंय, तरी गाउसच्या १८२३ च्या लेखनात ती आहेच. ‘प्रमाण विचलन’ हे नाव मात्र त्यानंतरचं, कार्ल पिअर्सननं १८९४ च्या सुमारास रूढ केलेलं. आणि ‘स्टुडंट’ या नावानं लिहिणाऱ्या गॉसेटनं लहान नमुन्यांवरच्या आपल्या १९०८ च्या प्रसिद्ध लेखात n नंच भागलंय. तेव्हा तुमच्या दोन पुस्तकांत मतभेद दिसला यात नवल नाही.

डिग्रीज ऑफ फ्रीडमची गोष्ट आता सोपी वाटेल. तुमची पहिली पाच विचलनं −१, २, −२, १, ३. यांची बेरीज ३. सहावं मी झाकून ठेवलं तरी तुम्ही सांगाल की ते −३ आहे, कारण एकूण शून्य व्हायलाच हवं. सहा विचलनं दिसतात, पण नवी माहिती पाचांतच आहे. सरासरी याच आकड्यांतून काढली, त्याची ही किंमत. एकच रीडिंग असेल तर n − १ शून्य होतो आणि भागाकार होतच नाही. ते अगदी रास्त आहे, एकाच रीडिंगवरून पांगापांग कळणार तरी कशी? तिथे n नं भागणारा माणूस शून्य असं उत्तर देईल, म्हणजे जणू मोजमापात काही फरकच पडत नाही.

याच धाग्यातून एक तिसरी अवस्था निघते, जी पुस्तकांत क्वचित सांगतात. सरासरी जर नमुन्यातून काढलीच नसेल तर? आमच्याकडे वजनकाटा तपासताना प्रमाणित वजन ठेवतो, ज्याचं खरं वस्तुमान आधीच माहीत असतं. काट्यात सरकवा नाही, म्हणजे तो दर वेळी एकाच बाजूला जास्त किंवा कमी दाखवत नाही, याची खात्री वेगळी झालेली असेल, तर विचलनं त्या माहीत असलेल्या किमतीपासून घ्यायची आणि नमुना असूनही n नंच भागायचं. काही गमावलेलंच नाही, मग भरपाई कसली? तुमच्या प्रयोगात खरी सरासरी १४ आहे असं खात्रीनं माहीत असतं, तर ३४ भागिले ६, म्हणजे ५.६७, वर्गमूळ २.३८ असं धरलं असतं. मात्र काट्यात सरकवा असेल तर हा आकडा तो सरकवाही पोटात घेतो, निव्वळ पांगापांग उरत नाही. म्हणून खात्री नसेल तर हा रस्ता धरू नका.

भाजकानं प्रत्यक्षात किती बिघडतं, हे नमुन्याच्या आकारावर आहे. दोन्ही उत्तरांचं गुणोत्तर n/(n − १) च्या वर्गमूळाएवढं. सहाला ते सुमारे १.१०, म्हणजे तुमच्या २.१६ आणि २.३७ मधला फरक. तीस रीडिंग्ज असतील तर १.०२ च्याही आत, शंभराला अर्धा टक्का. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. पण दोनला ते १.४१ आहे, आणि तिथे खरंच नुकसान होतं. ते मी सोसलेलं आहे.

एका ठिकाणी आम्ही प्रत्येक नमुना दोनदा तपासायचो आणि अशा जोड्यांवरून पद्धतीची पुनरावृत्तीक्षमता काढायचो. एक जोडी धरा: ८.१ आणि ८.५. सरासरी ८.३, विचलनं −०.२ आणि ०.२, वर्गांची बेरीज ०.०८. n − १ नं भागलं तर प्रचरण ०.०८ आणि विचलन ०.२८. आमच्या तक्त्यात कोणीतरी समष्टीचं सूत्र घातलं होतं, ते दोननं भागत होतं: ०.०४ आणि ०.२०. अशा वीसेक जोड्यांच्या प्रचरणांची सरासरी काढून वर्गमूळ घेतलं जायचं. सगळ्यांना वाटायचं, जोड्या भरपूर आहेत, आकडा पक्का आहे. पण प्रत्येक जोडी आपापला अर्धा हिस्सा गमावत होती, आणि वीसच काय, दोनशे जोड्या घेतल्या तरी तो अर्धा भरून येणार नव्हता. परिणाम असा झाला की दोन निकालांत किती फरक चालेल याची आमची मर्यादा हवी त्यापेक्षा १.४ पट घट्ट बसली, आणि चांगल्या जोड्या वारंवार मर्यादेबाहेर जायला लागल्या. आम्ही उपकरणावर संशय घेतला, ते दोनदा कॅलिब्रेट केलं, माणसं बदलून पाहिली. शेवटी एक जोडी हातानं सोडवून पाहिली तेव्हा दोष सापडला. म्हणून सांगतो, लहान लहान गट एकत्र करायचे असतील तर भाजकाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. आणि एकत्र करताना प्रचरणांची सरासरी घ्या, विचलनांची नको.

आता हातानं काढताना घसरण कुठे होते तेवढं सांगतो. तुमची सरासरी पूर्णांक आली म्हणून सोपं गेलं. सातवं रीडिंग १७ आलं असं समजा. बेरीज ९५, सरासरी ९५ भागिले ७ म्हणजे १३.५७१४ आणि पुढे चालूच. इथे बरेच जण शॉर्टकट घेतात, प्रत्येक आकड्याचा वर्ग करून त्यांच्या बेरजेतून सरासरीच्या वर्गाची n पट वजा करतात. वर्गांची बेरीज १३३१. सरासरी १३.६ अशी पूर्ण केली तर १३३१ − ७ × १८४.९६ = ३६.२८. खरं उत्तर आहे ४१.७१. सरासरीत जेमतेम ०.०३ चा फरक, आणि पाचाहून जास्त गायब. आकडे आणखी मोठे असते, १०१२, १०१५ असे, आणि तीच ढिलाई केली असती, तर बेरीज चक्क ऋण आली असती. वर्गांची बेरीज ऋण आली की समजायचं, हीच चूक झाली आहे.

यावर दोन उपाय आहेत. शॉर्टकट घ्यायचाच असेल तर सरासरी मध्ये आणूच नका, बेरजेचा वर्ग करून शेवटी एकदाच भागा:

```
Σx² − (Σx)²/n
1331 − 95²/7 = 1331 − 1289.29 = 41.71
```

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. विचलनांचीच पद्धत वापरा. तिच्यात सरासरी १३.६ घेतली तरी बेरीज ४१.७२ येते, चूक तिसऱ्या दशांश स्थानात. कारण वरचंच सूत्र: सरासरी थोडी हलली तर n गुणिले त्या लहानशा फरकाचा वर्ग एवढीच भर पडते. आणि आकडे मोठे असतील तर आधी सगळ्यांतून एकच सोयीची संख्या वजा करून टाका. १०१२, १०१५, १०११ मधून १००० काढले की तुमचेच १२, १५, ११ उरतात. पांगापांग तेवढीच राहते, कारण सगळे आकडे एकत्र सरकले. सातही रीडिंग्जचं उत्तर मग ४१.७१ भागिले ६, म्हणजे ६.९५, वर्गमूळ २.६४.

उत्तर कागदावर लिहिण्याआधी एक अंदाज घ्यायची सवय ठेवा. तीन ते दहा रीडिंग्ज असतील तर सगळ्यात मोठ्या आणि लहान आकड्यातला फरक n च्या वर्गमूळानं भागायचा. तुमच्याकडे १६ − १० = ६, सहाचं वर्गमूळ २.४५, उत्तर २.४५. हे २.३७ च्या जवळ आहे, ठीक. ०.८ किंवा ७ आलं असतं तर मी वर्गमूळ घ्यायचं राहिलं का, वर्ग करायला एखादा आकडा सुटला का, ते शोधलं असतं. ५.६ हेच प्रमाण विचलन म्हणून लिहून देणारे मी खूप पाहिलेत. त्यांनी प्रचरणापाशीच थांबून एककाकडे पाहिलं नाही. ५.६ चं एकक सेकंदाचा वर्ग आहे.

यंत्रांबद्दल. कॅल्क्युलेटरवर σn किंवा σx लिहिलेलं बटण n नं भागतं, σn−1 किंवा sx लिहिलेलं n − १ नं. तुम्ही दुसरं दाबलं होतं. स्प्रेडशीटमध्ये S म्हणजे नमुना आणि P म्हणजे समष्टी:

```
=STDEV.S(A1:A6)
=STDEV.P(A1:A6)
```

पायथनमध्ये सांभाळा. `numpy.std(x)` न सांगता n नं भागतं, n − १ हवं असेल तर `ddof=1` द्यावं लागतं, आणि `pandas` चं `std()` मात्र न सांगता n − १ नं भागतं. नवीन यंत्र किंवा प्रोग्रॅम हातात आला की मी त्यात १ आणि ३ हे दोनच आकडे घालतो. उत्तर १ आलं तर ते n नं भागतंय, १.४१ आलं तर n − १ नं. माहितीपुस्तक शोधण्यापेक्षा हे लवकर होतं.

दोन मर्यादा मात्र सांगायलाच हव्यात. पहिली, n − १ नं बरोबर होतं ते प्रचरण. त्याचं वर्गमूळ घेतलं की प्रमाण विचलन सरासरीनं अजूनही किंचित कमीच भरतं. तीन चिठ्ठ्यांच्या खेळात नऊ नमुन्यांच्या प्रमाण विचलनांची सरासरी काढलीत तर १.२६ येईल, खरं आहे १.६३. दोनच्या नमुन्यात ही तूट ठळक आहे, सहाला फारच थोडी राहते, आणि रोजच्या कामात तिच्यासाठी कोणी वेगळी दुरुस्ती करत नाही.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. हा सगळा युक्तिवाद रीडिंग्ज एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच टिकतो, कारण σ²/n तिथूनच आलं. तुम्ही द्रावण एकदाच बनवून त्यातूनच सहाही वेळा मोजलं असेल, तर द्रावण बनवण्यातला फरक या सहा आकड्यांत उतरलेलाच नाही. मग २.३७ हा फक्त मोजण्यातला फरक झाला, पूर्ण पद्धतीचा नव्हे, आणि भाजक बदलून तो सापडणार नाही. त्यासाठी सहा वेळा द्रावणच नव्यानं बनवावं लागेल. हे तुम्ही कसं केलंय ते प्रश्नात नाही, तेव्हा तेवढं तपासून घ्या.

शेवटी अहवालात काय लिहायचं. सहा रीडिंग्जवरून काढलेलं प्रमाण विचलन स्वतःच बरंच डळमळीत असतं. आकडे साधारण नॉर्मल वितरणाचे असतील तर त्याची स्वतःची अनिश्चितता जवळजवळ तीस टक्के, 1/√(2(n − 1)) या सूत्रानं. त्यामुळे २.३६६४ असे चार दशांश लिहिणं हे नसलेली अचूकता दाखवणं आहे. मी असं लिहीन: सरासरी १३.० सेकंद, प्रमाण विचलन २.४ सेकंद, n = ६, भाजक n − १. भाजक लिहून टाकला की वाचणाऱ्याला तुमच्यासारखं दोन पुस्तकांमध्ये अडकून बसावं लागत नाही, हवं तर तो पुन्हा २८ पर्यंत मागे जाऊन स्वतः भागून बघू शकतो.